‘तुला माहीतच आहे’ : एका प्रवेशाच्या पुनर्लेखनाच्या नोंदी

3 जून

काल संध्याकाळी आमच्या हौशी नाट्यसंस्थेत माझ्या नव्या दोन अंकी नाटकाचे पहिले वाचन झाले. शाळेच्या एका वर्गाचे भाडे चारशे रुपये आणि संहितेच्या सहा प्रतींच्या झेरॉक्सचे तीनशे तीस रुपये असा खर्च आला. पहिला प्रवेश अकरा पानांचा असून तो वाचायला सोळा मिनिटे लागली. तिसऱ्या पानावर सुनंदाचे संवाद वाचणारी अभिनेत्री थांबली आणि तिने विचारले, "हे मी दादाला का सांगते आहे? त्याला हे ठाऊक नाही का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढचे वाचन झाले, पण त्या प्रश्नानंतर मला प्रत्येक पानावर तोच दोष ऐकू येऊ लागला.

प्रवेश असा आहे. राजापूर तालुक्यातले एक घर. वडील वारले आहेत आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटी बहीण सुनंदा घरी येते. घरात थोरला भाऊ श्रीधर आणि त्याची बायको मंगल आहेत. ज्या संवादावर वाचन थांबले, तो जसाच्या तसा येथे देते.

सुनंदा : दादा, बाबांना जाऊन आज चौदा दिवस झाले.
श्रीधर : हो ना, नंदा. आणि तू बारा वर्षांनी या घरात पाऊल ठेवते आहेस. तू त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलंस, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव टाकलं होतं.
सुनंदा : खरं आहे. आणि त्यांना सांभाळायला तू मुंबईची चांगली नोकरी सोडून इथं आलास.
श्रीधर : हो. पण तुला माहीतच आहे, त्यांच्या आजारपणाच्या खर्चासाठी मला आपली ऐंशी कलमं पाच वर्षांच्या करारानं द्यावी लागली. आता तू हक्कसोड पत्रावर सही केलीस, तर पुढचं सगळं सोपं होईल.

प्रेक्षकाला कळायला हव्या अशा पाच गोष्टी मी दोन माणसांत वाटून टाकल्या होत्या. दोघेही एकमेकांशी बोलत नव्हते. दोघेही समोरच्या अंधाराशी बोलत होते. या एका प्रवेशाची दुरुस्ती करताना काय चुकले आणि काय साधले, ते याच कामाला हात घालणाऱ्या इतरांसाठी नोंदवून ठेवते आहे.

5 जून

लिहायला बसण्यापूर्वी खुणा करून घेतल्या. संहितेची एक प्रत आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेतल्या. दोघांनाही ठाऊक असलेल्या माहितीचे वाक्य लाल केले. बोलणाऱ्याला ठाऊक आणि ऐकणाऱ्याला नवे असेल, ते निळे केले. दोघांना ठाऊक, पण दोघांची आठवण किंवा बाजू वेगळी असेल, ते हिरवे केले. प्रवेशात माहिती देणारी अठ्ठावन्न वाक्ये निघाली. त्यांपैकी त्रेचाळीस लाल, नऊ हिरवी आणि सहाच निळी होती.

या कामाला अख्खा दिवस गेला, कारण लाल कोणते हे ठरवताना प्रत्येक पात्राला कोणती गोष्ट केव्हा आणि कोणाकडून कळली, हे मलाच नीट ठाऊक नव्हते असे दिसून आले. बाग करारावर दिल्याचे सुनंदाला कोणी सांगितले असेल? बारा वर्षे ती या घराशी बोललेली नाही. वडील गेल्याचेही तिला गावातल्या एका मैत्रिणीने फोन करून कळवले आहे. म्हणजे कराराची गोष्ट तिला ठाऊक असण्याचा संभवच नाही, आणि नेमक्या त्याच वाक्याला मी ‘तुला माहीतच आहे’ असे जोडून दिले होते. संपूर्ण प्रवेशात खरी बातमी म्हणावी अशी ही एकच गोष्ट होती आणि ती मी शिळी करून तिसऱ्याच पानावर वाढून टाकली होती. पेन्सिलीचे काम केले नसते, तर ही चूक मला दिसली नसती.

दुसरी एक खूण हाती लागली, ती सोपी असून फार उपयोगाची आहे. माहितीचे वाक्य शोधायला ते वाक्य पाहू नये. त्याला मिळालेले उत्तर पाहावे. समोरचे पात्र ‘हो’, ‘हो ना’, ‘खरं आहे’, ‘आठवतं तर’ असे म्हणत असेल, तर आधीच्या वाक्याने त्याचे काहीच केलेले नाही. ते दुखावले नाही, चिडले नाही, सुखावले नाही, त्याला काही लपवावेसेही वाटले नाही. त्याने फक्त पोच दिली. माझ्या अकरा पानांत अशा एकोणीस पोचपावत्या होत्या. त्यांतल्या दोन मात्र राखण्यासारख्या होत्या, कारण तेथे पात्र हार मानून ‘हो’ म्हणत होते. सतरा ठिकाणी दुरुस्ती करायची, असे ठरले.

9 जून

चार दिवस वाया गेले. ते कसे गेले, हे लिहून ठेवते, कारण हा मार्ग सर्वांनाच आधी सुचतो.

घरात काहीच ठाऊक नसलेले माणूस आणले की सगळे सांगण्याची सोय होते, असे वाटून मी एक नवे पात्र लिहिले. पंचायतीत नव्याने बदलून आलेला ग्रामसेवक. तो सांत्वनाला येतो, ‘ताई कुठं असतात?’ असे विचारतो आणि श्रीधर उत्तरे देतो. सहा पाने झाली. मोठ्याने वाचून पाहिल्यावर ती मुलाखत वाटली. त्याहून मोठी अडचण अशी की परक्या माणसासमोर श्रीधरसारखा माणूस घरातली एकही गोष्ट बोलणार नाही. दोघांना ठाऊक असलेली गोष्ट एकमेकांना सांगणे जितके खोटे, तितकेच बहिणीशी धरलेला अबोला नवख्या माणसाला सांगणेही खोटे. शिवाय कोकणातल्या वाडीत अशी गोष्ट ग्रामसेवकाला रुजू होण्याच्या आधीच कळलेली असते.

त्यानंतर एक दिवस सूत्रधाराचा विचार केला. संस्थेतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी आठवण करून दिली की संस्कृत नाटकाने या कामासाठी विष्कंभक आणि प्रवेशक अशी वेगळी जागाच ठेवलेली होती. मुख्य पात्रांच्या तोंडी न शोभणारी, अंकांच्या दरम्यान घडलेली हकीकत दुय्यम पात्रे तेथे सांगून मोकळी होत. ही सोय मला प्रामाणिक वाटते, कारण तेथे माहिती ही माहिती म्हणूनच येते आणि संवादाचे सोंग घेत नाही. पण माझे नाटक एका खोलीत, एका दुपारी घडते. सूत्रधाराचे दीड पान लिहून पाहिले, तेव्हा त्याने घराचे दार उघडण्याआधीच घरातली माणसे ओळखीची करून टाकली आणि सुनंदा उंबऱ्यावर उभी राहते, त्या क्षणात काही उरले नाही. ते पान काढले.

याच दिवसांत एक लपलेली चूकही झाली. संवादातून काढलेली माहिती मी नकळत रंगसूचनांत नेऊन ठेवत होते. ‘श्रीधर, वय पन्नास, वडिलांसाठी मुंबईची नोकरी सोडून आलेला, खुर्चीवर बसला आहे.’ हे वाचताना मला समाधान वाटत होते. नोकरी सोडून आलेला माणूस खुर्चीवर वेगळा कसा बसतो, हे कोणताही नट दाखवू शकत नाही. रंगसूचनेत जे डोळ्यांना दिसेल आणि कानाला ऐकू येईल तेवढेच ठेवायचे, असा नियम करून अशी अकरा वाक्ये खोडली.

14 जून

लाल वाक्ये सरसकट काढून टाकली, एकही न वाचवता. प्रवेश अकरा पानांवरून साडेपाच पानांवर आला. वाचायला हलका झाला आणि मला तो आवडलाही. आज त्याचे दुसरे वाचन केले.

या वेळी ऐकायला संस्थेबाहेरची पाच माणसे बोलावली, कारण संस्थेतल्या सर्वांना कथा ठाऊक झाली आहे आणि ठाऊक असलेल्या माणसाला संवादातली भोके दिसत नाहीत. असा कोरा श्रोता एकदाच उपयोगी पडतो. दुसऱ्या वाचनाला तो कोरा राहत नाही. वाचन संपल्यावर चर्चा होऊ न देता प्रत्येकाला कागद दिला आणि पाच प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगितली : घरात काय घडले आहे, ही दोघे एकमेकांची कोण, बहीण इतकी वर्षे का आली नव्हती, बाग कोणाच्या ताब्यात आहे, आणि भावाला बहिणीकडून काय हवे आहे. चर्चा आधी झाली असती, तर एकाचे समजलेले दुसऱ्याने उचलले असते.

निकाल वाईट होता. पाचांपैकी दोघांना वडील जिवंत असून आतल्या खोलीत आजारी आहेत, असे वाटले. बहिणीच्या लग्नाची गोष्ट एकालाच कळली. बागेचा प्रश्न चौघांनी कोरा ठेवला. एका बाईंनी कागदावर लिहिले, "माणसे खरी वाटतात, पण ती आपल्यापासून काहीतरी लपवत आहेत असे वाटत राहिले." हे वाक्य मला महत्त्वाचे वाटले. माहिती कोंबलेल्या संवादात पात्रे प्रेक्षकाकडे तोंड करून बोलतात. सगळी माहिती काढून टाकलेल्या संवादात ती प्रेक्षकाकडे पाठ करून बसतात.

वडिलांच्या मृत्यूबाबत मी एक गोष्ट गृहीत धरली होती. श्रीधरने मुंडण केलेले असणार, म्हणजे ते दिसेलच, असे मला वाटले. वाचनात ते दिसत नाही, हे मान्य. पण दिग्दर्शकाने सांगितले की श्रीधरचे काम करणारा नट दुसऱ्याही एका नाटकात आहे आणि तो डोके भादरणार नाही. जे दृश्यावर सोपवायचे, ते खरोखर रंगमंचावर येणार आहे की नाही, हे आधी विचारून घ्यायला हवे होते.

17 जून

आजचा दिवस चांगला गेला. मराठीत नाते सांगायला वेगळे वाक्य लागत नाही, कारण ते हाकेतच असते. ‘दादा’, ‘वहिनी’, ‘वन्सं’, ‘भावोजी’ या चार हाकांत माझ्या प्रवेशातली सगळी नाती सांगून होतात. पहिल्या खर्ड्यात सुनंदा मंगलला नावाने हाक मारत होती आणि मग ‘तू माझ्या दादाची बायको’ असे सांगणारे वाक्य मला लिहावे लागले होते. हाक बदलल्याबरोबर ते वाक्य आपोआप गळून पडले.

पण खरा लाभ त्यापुढे झाला. बहिणीच्या नवऱ्याचा उल्लेख घरात आदरार्थी होतो. श्रीधरने तो तसा केला नाही तर काय होईल, हे लिहून पाहिले.

श्रीधर : तो नाही आला?
सुनंदा : ते आलेत. राजापूरच्या स्टँडवर थांबलेत.
मंगल : अगंबाई, भावोजींना स्टँडवर का बसवून ठेवलंत, वन्सं?
(श्रीधर उठून खिडकी लावतो.)

‘तू त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलंस’ हे वाक्य आता कोठेच नाही. ‘तो’ आणि ‘ते’ यांच्यामध्ये ते येऊन गेले आहे. तिघांनाही सगळे ठाऊक आहे, कोणीही कोणाला काही सांगत नाही आणि तरीही प्रेक्षकाला तीन गोष्टी कळतात : सुनंदाचा नवरा या घराला मान्य नाही, मंगलला ते पटलेले नाही, आणि सुनंदाने नवऱ्याचा अपमान टाळण्यासाठी त्याला लांब ठेवले आहे. खिडकी लावणे मी आधी लिहिले नव्हते; तेथे श्रीधरचे ‘या घरात त्याचं नाव काढायचं नाही’ असे वाक्य होते. ते काढल्यावर त्याच्या हाताला काहीतरी काम हवे, म्हणून खिडकी आली.

वडिलांच्या मृत्यूचा प्रश्नही मंगलनेच सोडवला. सुनंदा एक दिवस उशिरा पोहोचली आहे. काल काय झाले, हे तिला ठाऊक नाही आणि मंगलला ते सांगितल्याशिवाय राहवणार नाही. म्हणजे हे वाक्य निळे होते आणि मी ते लाल समजून काढून टाकले होते.

मंगल : काल तेराव्याच्या पंगतीत तुमचं पान मांडलं होतं, वन्सं. चार वाजेपर्यंत ठेवलं. मग गाईला घातलं.

वडील गेले, बहीण उशिरा आली, तिची वाट पाहिली गेली आणि वाट पाहणारी मंगल होती. पूर्वी यासाठी मी अर्धे पान खर्च केले होते. मांडलेले पान मला सुचायला तीन तास लागले. आधी फोटोला घातलेला हार, मग चष्मा, मग रिकामी आरामखुर्ची अशा वस्तू लिहून पाहिल्या होत्या. त्या सगळ्या कोणत्याही नाटकातल्या कोणत्याही वडिलांच्या असू शकतात. पान सुनंदाचे होते, म्हणून ते चालले.

21 जून

आता हिरवी वाक्ये घेतली. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट माणसे एकमेकांना प्रत्यक्षात मुळीच सांगत नाहीत असे नाही. ती फार सांगतात, पण टोचण्यासाठी, उपकार मोजून दाखवण्यासाठी किंवा समोरच्याची आठवण खोडून काढण्यासाठी. भावाबहिणीच्या भांडणात नवी माहिती क्वचितच असते. तेव्हा लाल वाक्याला जर काही काम देता आले, तर ते हिरवे होते. ‘बारा वर्षांनी या घरात पाऊल ठेवते आहेस’ या वाक्याचे मी असे केले.

श्रीधर : बारा वर्षांनी वाट सापडली.
सुनंदा : दहा. आईच्या वर्षश्राद्धाला आले होते.
श्रीधर : मला नाही दिसलीस.
सुनंदा : अंगणापर्यंत आले होते.

येथे आकड्यावरून वाद आहे, म्हणून आकडा ऐकू येतो. आणि शेवटच्या ओळीवर श्रीधरला ‘हो’ म्हणता येत नाही. तो काय म्हणेल, याचे चार पर्याय लिहून पाहिले आणि चारही काढले. तो गप्प राहतो.

ही युक्ती इतकी साधली, की त्याच उत्साहात मी ती आणखी तीन ठिकाणी वापरली. कलमे ऐंशी की ब्याऐंशी, आजारपण आठ महिन्यांचे की नऊ, लग्न मे महिन्यात की जूनमध्ये. सलग वाचले, तेव्हा भाऊ आणि बहीण एकमेकांची परीक्षा घेत आहेत असे वाटले. एका प्रवेशात आकड्याची दुरुस्ती एकदाच ठेवावी, असे माझे मत झाले आहे. बाकीची तिन्ही ठिकाणे काढली. कलमांचा आकडा प्रेक्षकाला कळण्याची मुळात गरजच नव्हती. मीच त्यासाठी बागायतदारांशी बोलून माहिती गोळा केली होती आणि ती वाया जाऊ नये म्हणून लिहिली होती.

नोकरीची गोष्ट अवघड गेली. श्रीधरने नोकरी सोडली, ही त्याची सर्वांत दुखरी जागा आहे आणि तो ती स्वतःहून दाखवणार नाही. सुनंदाने ती सहानुभूतीने काढली, तर ते पुन्हा निवेदन होते. शेवटी पैशावरून निघालेल्या बोलण्यात ती अशी आली.

श्रीधर : तुमचं बरं आहे. एक तारखेला पगार होतो.
सुनंदा : तुझाही होत होता.
श्रीधर : होत होता.
मंगल : चहा निवतोय.

‘होत होता’ ही पोचपावतीच आहे, पण हार मानल्याची. ती मी ठेवली. या चार ओळी पहिल्यांदा दुसऱ्या पानावर लिहिल्या होत्या आणि तेथे त्या पोकळ वाटल्या, कारण तोवर दोघांमध्ये काहीच तापलेले नव्हते. पाचव्या पानावर नेल्यावर त्यांना वजन आले. वाक्य बरोबर असूनही जागा चुकलेली असू शकते, हे कळायला मला दोन दिवस लागले. मी ते वाक्यच घासत बसले होते.

24 जून

आता राहिली एकुलती खरी बातमी. बाग करारावर गेली आहे आणि सुनंदाला ते ठाऊक नाही. तिला ते श्रीधरनेच सांगावे, असे मी इतके दिवस धरून चालले होते. पण त्याला ते सांगायचे नाही. जो माणूस एखादी गोष्ट लपवतो आहे, त्याच्याच तोंडून ती काढायला गेले की लेखकाचा हात दिसतो. म्हणून ती सुनंदालाच घरी येता येता कळू दिली.

नाटकातली दुपार फेब्रुवारीतली आहे. झाडांवर मोहर आणि कणी धरलेली असते आणि बागेत राखणीला माणूस असतो. रत्नागिरीकडच्या बागांत हे काम करणारे बरेच लोक नेपाळहून आलेले असतात आणि गावात त्यांना सरसकट गुरखा म्हणतात. सुनंदा मधल्या वाटेने, म्हणजे बागेतून, घराकडे येते.

सुनंदा : दादा, बागेत गुरखा कोणाचा आहे?
श्रीधर : का?
सुनंदा : त्यानं मला विचारलं, किधर जाना है.
(श्रीधर उत्तर देत नाही.)
सुनंदा : मी म्हटलं, घरी. तर म्हणाला, रास्ता उधर से है.

करार, मुदत, उचल घेतलेली रक्कम, यातले एकही शब्द येथे नाहीत. स्वतःच्या बागेत तिला वाट विचारली गेली, एवढेच आहे. आता प्रश्न तिच्याकडे आहे आणि उत्तर श्रीधरकडे, म्हणून पुढची दोन पाने आपोआप चालतात. कराराचा कागद आणि पाच वर्षांची मुदत शेवटच्या पानावर येतात, तोवर प्रेक्षकालाच ते विचारावेसे वाटू लागलेले असते. माहिती द्यायची ती कोणी मागितल्यावर, हे मला या प्रवेशात सर्वांत उशिरा उमगले.

एक दोष लगेच दिसला. हे बोलणे आधी मी सुनंदाच्या प्रवेशाबरोबरच टाकले होते, त्यामुळे ‘तो नाही आला?’ हा भाग त्याखाली दबून गेला. क्रम बदलला : आधी नवरा, मग पान, मग गुरखा, मग पगार.

28 जून

तिसरे वाचन. पाच नवे कोरे श्रोते मिळवायला बराच त्रास पडला. शेवटी दोघे शेजारच्या इमारतीतले आणि तिघे एका सभासदाच्या कार्यालयातले आले. चहा, वडे आणि वर्गाचे भाडे मिळून साडेसातशे रुपये झाले. प्रवेश आता सात पानांचा असून वाचायला दहा मिनिटे लागली.

वडील गेले आहेत, हे पाचही जणांना कळले. लग्नाची गोष्ट चौघांनी बरोबर लिहिली आणि पाचव्याने ‘नवऱ्यावरून काही वाद’ असे लिहिले, तेही पुरेसे आहे. बाग दुसऱ्याच्या ताब्यात आहे, हे सर्वांना कळले. नोकरीबाबत मात्र तिघांची समजूत अशी झाली, की श्रीधरला कामावरून काढले असावे. दिग्दर्शकाचे म्हणणे पडले, की ‘बाबांसाठी’ हा एक शब्द घालून हे मिटवावे. मी चार वेगवेगळ्या जागी तो घालून पाहिला आणि प्रत्येक वेळी श्रीधर उपकार मोजणारा माणूस झाला. दुसऱ्या प्रवेशात मंगल रागाच्या भरात हे बोलणारच आहे. तोवर गैरसमज राहिला, तर तो मला चालेल. श्रीधरविषयी आधी कमी वाटावे आणि मग अधिक वाटावे, हे नाटकाला पोषकच आहे. दिग्दर्शकाला हे पूर्ण पटलेले नाही आणि तालमीत पुन्हा पाहू असे ठरले आहे.

5 जुलै

हक्कसोड पत्राचा भाग राहिला होता. पहिल्या खर्ड्यात श्रीधर बहिणीला कायदा समजावून देत होता : 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, म्हणून वारसनोंदीत तिचे नाव लागणार, म्हणून तिने हक्क सोडल्याचे पत्र नोंदवून द्यायला हवे, मग फेरफार होऊन सातबारा त्याच्या एकट्याच्या नावे होईल. चार वाक्ये, चारही बरोबर आणि चारही निरुपयोगी. ज्या घरात जमीन आहे त्या घरातल्या मुलीला हे ठाऊक असते, आणि नसले तर सही मागणारा भाऊ ते तिला शिकवायला बसत नाही.

मी प्रश्न उलटा केला. येथे प्रेक्षकाला कायदा कळायला हवा, की दोघांमधला डाव? डाव कळला, तर कायद्याचा लागेल तेवढा भाग त्यातून कळतो.

श्रीधर : एक सही लागेल तुझी. आज घाई नाही.
सुनंदा : सही नाही, दादा. निबंधकाच्या कचेरीत यावं लागेल मला. साक्षीदार बघितलेस का दोन?
मंगल : अहो, तुम्ही तर म्हणालात साधा कागद आहे.

सुनंदा वकिलाला विचारून आली आहे, हे येथे उघड होते आणि ते श्रीधरलाही आत्ताच कळते. मंगललाही नवऱ्याने अर्धेच सांगितले होते, हेही बाहेर पडते. ‘साधा कागद’ कशाचा, हा शब्द पुढच्या पानावर सुनंदा उच्चारते, आणि ती तो रागाने उच्चारते. नोंदणीची पद्धत चुकू नये म्हणून हा भाग एका परिचित वकिलांना दाखवून घेतला. त्यांनी सांगितले की अशिलांच्या घरात लोक या कागदाला बहुधा ‘सोडपत्र’ म्हणतात. तो शब्द घेतला. त्यात दोन अक्षरांची बचत झाली आणि सुनंदाच्या तोंडी ‘सोड’ अधिक कडू लागते.

12 जुलै

उभ्या तालमीचा पहिला आठवडा संपला. सात पानांच्या प्रवेशात आता पेन्सिलीने पाहिले, तर तीन लाल वाक्ये उरली आहेत आणि ती तिन्ही मंगलची आहेत. मंगल ही घाबरली की सर्वांना ठाऊक असलेले पुन्हा बोलणारी बाई आहे, आणि तिच्या त्या बोलण्यावर श्रीधर दर वेळी खेकसतो. ती वाक्ये ठेवली आहेत.

तालमीत एक वेगळाच घोळ लक्षात आला. श्रीधरचे काम करणारा नट पदरची जोडवाक्ये घालतो. पाठांतर पक्के नसले की त्याला दोन संवादांमधली शांतता सहन होत नाही. गुरख्याच्या भागात जेथे त्याने गप्प राहायचे आहे, तेथे तो काल म्हणाला, "अगं, तुला माहीतच आहे, बाबांच्या आजारपणात..." आणि थांबला. सुनंदाचे काम करणारी अभिनेत्री, जिने पहिल्या वाचनात प्रश्न विचारला होता, पात्रातून बाहेर न येता त्याच्याकडे पाहत म्हणाली, "नाही. मला माहीत नाही." दिग्दर्शकाने तालीम थांबवली नाही. त्या दोन्ही ओळी मी रात्री संहितेत उतरवल्या, श्रीधरचे वाक्य त्याच जागी अर्धे तोडून.